दोन नंबरवरचा पंखा

कोपऱ्यावरच्या वहिनींचं लाइटबिल निम्म्यावर आलं, ही बातमी गल्लीत दूधवाल्याच्याही आधी पोचली. कारण म्हणे, घरातले सगळे जुने डबा-रेग्युलेटर काढून त्या जागी ते नवे, काड्यापेटीएवढे इलेक्ट्रॉनिक बसवले! वहिनी मेंदीच्या कुंपणापलीकडून मला हे सांगत होत्या आणि मी अलीकडे कढीपत्ता तोडत ऐकत होते. तिसरे कान नानांचे. नाना आमच्या डाव्या हाताचे शेजारी. उभा जन्म पंख्यांच्या आणि मोटारींच्या रिवाइंडिंगच्या दुकानात गेलेला, त्यामुळे विजेबद्दल कुणी काही बोललं की त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र आपोआप खाली येतं.

"वहिनी, रेग्युलेटर कधी बदलले?" त्यांनी विचारलं.

"जूनच्या पहिल्या आठवड्यात."

"आणि कूलर कधी बंद केला?"

वहिनी गप्प. आमच्या परभणीत मे महिना म्हणजे कूलरचा महिना. दुपारी बारापासून पहाटेपर्यंत तो घरघरत असतो. नाना हिशेब घालायला लागलेच. साधा कूलर दीडशे वॅटचा धरा आणि बारा तास चालवा, रोजचे पावणेदोन युनिटांच्या वर झाले. महिन्याला पन्नासच्या पुढे. पाऊस पडला, कूलर माळ्यावर गेला, ते पन्नास युनिट आपोआप गेले. आणि वहिनींनी श्रेय दिलं रेग्युलेटरला.

"म्हणजे नवा रेग्युलेटर काहीच वाचवत नाही?" वहिनींचा आवाज चढला. चारशे रुपये वायरमनला वेगळे दिले होते.

"असं कुठं म्हणालो मी? वाचवतो. पण कुठे, किती आणि कुणाचे, ते बघावं लागतं."

एवढ्यात आतून माई आल्या, हातात चहा. त्यांचं मत आधीपासून तयार. "आमच्याकडे सगळे सांगतात, पंखा हळू फिरवा नाहीतर जोरात, जुन्या रेग्युलेटरवर बिल तेवढंच. उरलेली वीज डब्यात जळते. म्हणून मी आपली कायम पाचवर ठेवते."

हे मीही लहानपणापासून ऐकत आले होते. ते अर्धं खरं आणि अर्धं चूक निघालं.

नानांनी आधी डब्याची गोष्ट सांगितली. जुन्या रेग्युलेटरच्या पोटात चिनी मातीच्या नळीवर गुंडाळलेली रेझिस्टन्सची तार असते. त्या तारेला जागोजागी टोकं काढलेली असतात आणि आपण खटका फिरवला की पंख्याच्या वाटेत कमी किंवा जास्त तार येते. एकवर सगळ्यात जास्त तार, पाचवर तार अजिबात नाही, वीज सरळ पंख्याला. आता ही तार आणि पंखा एकाच रांगेत आहेत, म्हणजे जेवढा करंट पंख्यातून जातो तेवढाच तारेतून. तार आपल्या वाट्याचा दाब खाते आणि त्याची उष्णता करून टाकते. "त्या डब्याच्या बाजूंना भोकं कशाला ठेवली होती, वाटलं कधी? ती उष्णता बाहेर जावी म्हणून. सायकलचं पॅडल मारत राहायचं आणि वेग कमी करायला ब्रेक दाबून ठेवायचा, असला तो प्रकार."

"मग बरोबरच म्हणतात की लोक, डब्यात जळते," माई म्हणाल्या.

"जळते. पण सगळी नाही जळत. वाटेत तार आली की एकूण करंटच कमी होतो. मीटरला काय दिसतं? पंखा आणि डबा मिळून जे ओढतात ते. पाचवर पंखा पंच्याहत्तर ओढत असेल, तर दोनवर दोघे मिळून पंच्याहत्तर ओढूच शकत नाहीत. त्याहून कमीच. प्रश्न एवढाच, की पंख्याचं काम जेवढं कमी झालं तेवढं बिल कमी होतं का. तर नाही."

वहिनींना हे तोंडी पटेना. मलाही आकडा हवा होता. नाना म्हणाले, "आकडा तुमच्याच भिंतीवर लटकलाय, मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना?"

आता हे मला ठाऊकच नव्हतं. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरांत `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. कुणाच्या मीटरवर आकडा वेगळा असेल, तो बघून घ्यायचा. अर्थ असा, की एक युनिट वीज गेली की तो लाल दिवा बत्तीसशे वेळा लुकलुकतो. म्हणजे दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले हे मोजलं, की त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते कळतं. बत्तीसशेच्या मीटरला गणित फार सोपं. ११२५ ला सेकंदांनी भागायचं. पंधरा सेकंद लागले तर पंच्याहत्तर वॅट, तीस लागले तर साडेसदतीस.

अट एकच, घरातलं बाकी सगळं बंद पाहिजे. नुसता दिवा-टीव्ही नाही. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, वायफायचा डबा, पाण्याचा फिल्टर, मोबाइलचे चार्जर, सगळ्यांची बटणं बंद. फ्रिज तर आधी बंद, कारण त्याचा कॉम्प्रेसर मध्येच चालू झाला की सगळा हिशेब पाण्यात. हे करायला दुपारची वेळ बरी, जेवणं झाल्यावर.

आमच्या घरात झोपायच्या खोलीत अजून जुना डबा आहे. तिथला पंखा अठ्ठेचाळीस इंची, बाजारात मिळतो तसला साधा. तोच लावला. मी मीटरपाशी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन, नाना आत खटक्यापाशी. वहिनी मध्ये दारात, निरोप इकडून तिकडे. पाच नंबरवर दोन लुकलुकींत पंधरा सेकंद. पंच्याहत्तर वॅट, पुस्तकातल्यासारखे. मग दोन नंबरवर. आता मला वाटलं दिवा बिघडलाच, इतका वेळ लागला. वीस सेकंद. म्हणजे छप्पन वॅट.

"बघा," नाना आतून ओरडले, "पंखा निम्म्याच्या आसपास वेगानं फिरतोय, पण बिल निम्म्यावर नाही. पंच्याहत्तरचं छप्पन झालं. आता बटण बंद करून डब्याला हात लावा." मी लावला. बेकेलाइट चांगलंच गरम, पोटावर शेकायच्या पिशवीइतकं. छप्पनमधले पंख्याच्या वाट्याला तीसच्या आसपास, आणि बाकी पंचवीस-सव्वीस त्या डब्याच्या. पाच नंबरवर तासभर चालवून हात लावला असता तर डबा थंडगार लागला असता, कारण तिथे तार वाटेतच नसते.

माईंची गोष्ट तिथंच निकालात निघाली. हळू चालवला तर जुन्या डब्यावरही वीस वॅट वाचतात. फुकट पाचवर फिरवत राहण्यात काही शहाणपण नाही.

आता नवा रेग्युलेटर. वहिनींच्या वायरमननं एक जास्तीचा आणला होता, तो त्यांच्या कपाटात पडून. नानांनी मेन बंद करून तो आमच्या बोर्डात बसवला. (मेन बंद करून, हे मी मुद्दाम लिहिते. आमच्याकडे एक भाचा आहे, तो नुसतं पंख्याचं बटण बंद करून पेचकस घालतो. जुन्या घरांत पुष्कळदा बटण फेजवर नसून न्यूट्रलवर असतं, आणि मग बटण बंद असलं तरी आत वीज उभी असते.)

बसवल्यावर मी दोन नंबरवर लावायला लागले, तर नाना म्हणाले थांब. एका कंपनीचा दोन आणि दुसऱ्या कंपनीचा दोन सारखे असतातच असं नाही. वेग सारखा नसला तर तुलनाच खोटी. वेगळ्या रेग्युलेटरवर पंखा जास्तच हळू फिरत असेल, तर वॅट कमी दिसणारच, त्यात रेग्युलेटरची कमाई काय? तुला वारा कमी मिळाला एवढंच. वहिनींच्या बैठकीच्या खोलीत नेमकं हेच झालं होतं, हे नंतर कळलं. "पूर्वी दोनवर बरं वाटायचं, आता तीनवर करावा लागतो," हे त्या स्वतःच म्हणाल्या.

मग वेग मोजायचा कसा? नानांनी एका पात्याला लाल टिकली चिकटवली, माईंच्याच कपाळाची, आणि मोबाइलवर स्लो-मोशनचा व्हिडिओ घेतला. टिकली किती वेळा वरून गेली ते मोजलं. जुन्या डब्याच्या दोनवरचा वेग आधीच मोजून ठेवला होता. नव्याचा दोन त्याच्या अगदी जवळ भरला, हे आमचं नशीब. मीटरपाशी जाऊन बघितलं, तर लाल दिवा झोपलाच जणू. छत्तीस सेकंद. एकतीस वॅट.

छप्पन आणि एकतीस. पंचवीस वॅटचा फरक, वारा तोच. डब्यात गरम व्हायचे ते हेच पंचवीस.

आणि पाचवर? नव्यावरही पंधरा सेकंदच. पंच्याहत्तर वॅट. काडीचा फरक नाही. वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हे झालंच पाहिजे," नाना म्हणाले. पाचवर जुना डबा काही खात नव्हता, तेव्हा नवा वाचवणार कुठून? फरक फक्त खालच्या नंबरांवर. तीनवर आम्ही बघितलं तेव्हा जुन्यावर अठरा सेकंद आणि नव्यावर पंचवीस लागले, म्हणजे बासष्ट आणि पंचेचाळीस वॅट. सतरा वाचले. नंबर जितका खाली, बचत तितकी जास्त. वर जाल तशी ती विरत जाते.

नवा वाचवतो कसा, ते मला नीट समजून घ्यायचं होतं. बाजारात दोन जातींचे मिळतात. एक गोल फिरणाऱ्या नॉबचा, त्यात ट्रायॅक नावाचा एक छोटा तुकडा असतो. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून वर चढून पुन्हा शून्यावर येते. ट्रायॅक प्रत्येक वेळी थोडा उशिरा दार उघडतो आणि उरलेलाच भाग पंख्याकडे सोडतो. दार बंद असताना करंट वाहतच नाही, म्हणून तिथे जळायला काही नाही. उघडं असताना त्याच्यावर जेमतेम व्होल्टभर दाब राहतो. पंख्याचा करंट अर्ध्या अँपिअरच्याही आत. म्हणजे तो स्वतः अर्धा वॅटसुद्धा खात नाही. पण लहरीचे असे तुकडे केले की काही पंखे हळू वेगात घूंऽ करतात. रात्रीच्या शांततेत तो आवाज डोक्यात जातो. मोटारीचंही त्यानं थोडं जास्त तापणं होतं, म्हणून बचतीतला एखादा वॅट परत जातो.

दुसरी जात टप्प्याटप्प्यानं टक् टक् करत फिरणाऱ्याची. त्यात दोन-तीन कपॅसिटर असतात. कपॅसिटर दाब खातो पण त्याची उष्णता करत नाही, घेतलेलं पुढच्याच क्षणी परत करतो. आपल्या घरच्या बिलात युनिट मोजलं जातं ते खरोखर खर्च झालेल्या विजेचं, त्यामुळे या देवाणघेवाणीचे पैसे लागत नाहीत. पंखाही शांत चालतो. नानांचा कल याच जातीकडे. खोड एवढीच, की काही वर्षांनी एखादा कपॅसिटर मरतो आणि एखादा टप्पा हरवतो. दोनवर आणि तीनवर वेग सारखाच वाटायला लागला किंवा मधल्या एका नंबरावर पंखा उभाच राहिला, की समजायचं आतलं एक गेलं. तेव्हा आख्खा रेग्युलेटर बदलायचा, वायरमन उघडून जोडत बसत नाही.

"पण माझा पंखा पाचवरसुद्धा हळू फिरतो, नवा लावूनही," वहिनी म्हणाल्या.

"तो रेग्युलेटरचा दोष नाही. पंख्याच्या दांड्यापाशी टोपीखाली त्याचा स्वतःचा कपॅसिटर असतो, बहुतेक अडीच मायक्रोफॅरडचा. तो उतरला की पंखा मरगळतो. थोडक्यात बदलून होतं. त्यासाठी रेग्युलेटर बदलू नका."

आता पैशाचं बोलू, कारण वहिनींना अर्थातच तेच हवं होतं. आमच्या झोपायच्या खोलीचा पंखा रात्री दहा ते सकाळी सहा, दोन नंबरवर. आठ तास गुणिले पंचवीस वॅट म्हणजे दोनशे वॅट-तास, युनिटाचा पाचवा हिस्सा. महिन्याला सहा युनिट. युनिट दहा रुपये धरलं तर साठ रुपये. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्यानं वाढतो, म्हणून वाचलेले युनिट सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातले असतात. कमी वापराच्या घरात हेच साठचे तीस-चाळीसही होतील. पण हे वर्षभर नाही. एप्रिल-मेमध्ये कोण दोनवर झोपतं? ते दोन महिने पाचवर, बचत शून्य. डिसेंबर-जानेवारीत पंखाच बंद, तेव्हाही शून्य. आठ महिन्यांचे अठ्ठेचाळीस युनिट, म्हणजे चारशे ऐंशी रुपये. रेग्युलेटर अडीचशे-तीनशेला येतो, बसवायचे वेगळे. पहिल्याच वर्षात तो आपली किंमत भरून काढतो, पण बिल निम्म्यावर आणणं त्याच्या बापाच्यानं होणार नाही. कोण्या घरी चोवीस तास एक नंबरवर पंखा चालत असेल, आजारी माणसाच्या खोलीत म्हणा, तर मात्र हा आकडा तिप्पट होतो.

वहिनींचा बैठकीचा पंखा दिवसभर पाचवर. स्वयंपाकघरातला पाचवर. मुलाच्या खोलीतला पाचवर, वर हातात वही घेऊन वारा घालणंही चालू. तिथले रेग्युलेटर बदलून एक पैसा वाचला नाही. त्यांनी घातलेल्या पैशांतले परत येणार ते फक्त झोपायच्या खोलीतल्या एकाचे.

"मग पाचवर चालणाऱ्याचं काय करायचं, नाना?" मी विचारलं.

"पंखा बदल. रेग्युलेटर नको." हल्ली बीएलडीसी पंखे मिळतात, ते पूर्ण वेगात तीस वॅटच्या आसपास ओढतात, साध्याच्या निम्म्याहून कमी. पंचेचाळीस वॅटचा फरक, तोही पाच नंबरवर, जिथे रेग्युलेटर हात टेकतो. दिवसाला बारा तास चालणाऱ्या पंख्यावर महिन्याला सोळा युनिट. पण असला पंखा आणला तर भिंतीवरचा रेग्युलेटर, जुना असो की नवा, वाटेतून काढून टाकायचा आणि सरळ बटणावर जोडायचा. त्याचा वेग रिमोटनं बदलतो, आत त्याचं स्वतःचं सर्किट असतं. चिरलेली वीज त्याला दिली की ते सर्किट मरतं आणि दुकानदार वॉरंटीत हात वर करतो. आणि घेताना चांदण्या बघा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना बीईईची चांदण्यांची चिठ्ठी सक्तीची आहे, तिच्याशिवायचा पंखा घेऊच नका.

माईंनी शेवटी महत्त्वाचा मुद्दा काढला. दिव्याचा डिमर पंख्याला चालतो का? भंगारवाल्याकडे त्यांनी स्वस्तात बघितला होता. नानांनी कप खाली ठेवला. "नाही. दिव्याचा डिमर दिव्यासाठी. पंखा मोटार आहे. तो डिमरवर घुमतो, अडखळतो, आणि डिमर जळतो. पंख्याला पंख्याचाच रेग्युलेटर, आणि त्यावर किती वॅटचा पंखा चालेल ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचून घ्यायचं."

संध्याकाळपर्यंत गल्लीतला निकाल लागला तो असा. ज्या खोलीत पंखा रात्रभर तीनच्या खाली चालतो, तिथला डबा काढा, कपॅसिटरवाला टप्प्यांचा बसवा. ज्या खोलीत खटका पाचवरून हलतच नाही, तिथला जुना डबा आहे तिथेच राहू द्या, तो काही खात नाही. आमच्या झोपायच्या खोलीत वहिनींचा जास्तीचा रेग्युलेटर आता कायमचा बसलाय. त्याचे दोनशे साठ रुपये त्यांना द्यायचे आहेत.